टोमण्यांची दुरुस्ती

ऑफिसात त्याला 'टोमणे' म्हणत, आणि तो त्यावर खूश असे. चालणं चुकवणाऱ्यांना व्यायामाच्या अ‍ॅपवरून जाणारे संदेश तोच लिहायचा. "आरसा बदलून उपयोग नाही, कंबर बदला!" या वाक्यावर तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग संदेश बंद करणारे वाढले. कारण समजून घ्यायला काही वापरणाऱ्यांना बोलावलं. त्याच्यासमोर शिवणकाम करणारी एक बाई बसली. दिवसभर मशीनवर बसून गुडघे आखडतात, म्हणून तिनं अ‍ॅप घेतलं होतं.

"गिऱ्हाइकाला फोनवर गळ्याचं डिझाइन दाखवत होते," ती म्हणाली. "तेवढ्यात वर आलं, कंबर बदला. ती फिसकन हसली. तिच्याच कंबरेचं माप घ्यायचं होतं मला. टेप लावायची लाज वाटली हो." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "कोण लिहितं हे?"

"आमची... टीम असते," तो म्हणाला. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, तो आधीच रिकामा होता.

संदेश नव्यानं लिहायचं काम त्याच्याकडेच आलं. त्यानं साखर पेरली: "तुम्ही जसे आहात तसे छान आहात!" नमुने त्यानं फोनवर तिला वाचून दाखवले.

"ही लाडीगोडी झाली. छानच आहे तर उठू कशाला?"

"मग तुम्हाला उठवतं कोण?"

"जाऊबाई. त्या म्हणतात, 'दोरा संपलाय, कोपऱ्यावर जाऊन येऊ, घाल चपला.' काल का नाही आलीस, हे कधी विचारत नाहीत."

त्यानं खोडून पुन्हा लिहिलं: "दोन दिवस राहून गेले, चालतंय. आता चपला घाला आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन या. पाच मिनिटं पुरे." शरीराबद्दल अवाक्षर नाही, दुसऱ्या कुणी वाचलं तरी मान खाली जाणार नाही, आणि करायचं काय ते स्पष्ट.

महिनाभर निम्म्या लोकांना जुनी वाक्यं गेली, निम्म्यांना नवी. जुनी वाक्यं लोक जास्त उघडत, पण नव्या वाक्यांनंतर चालायला जास्त जण निघाले, आणि संदेश बंद करणारे निम्म्यावर आले. साहेबांनी पाठ थोपटली. त्याला ती थाप झोंबली.

त्यानं तिला फोन लावला. "ते कंबरेचं वाक्य माझं होतं. त्या दिवशी बोललो नाही."

पलीकडे मशीनची घरघर चालूच होती.

"लिहिताना हसला होतात?"

"हो."

"हं," ती म्हणाली. "आता ठेवते. कपडा सरकतोय." माफ केलं, असं ती म्हणाली नाही, त्यालाही विचारवलं नाही.

दुपारी त्यानं जुन्या वाक्यांची यादी उघडली. दोनशे चौदा होती. एकदम पुसता आली असती. त्यानं एकेक वाचून पुसलं.