श्वास रोखून धरा

पूर्णगडच्या म्हाताऱ्या तांडेलाला, मच्छीमार होडीच्या म्होरक्याला, धाप लागलेली, घोटे सुजलेले. उभं राहवेना, म्हणून मी छातीचा एक्स-रे खाटेवरच, समोरून काढला. हृदय अर्ध्याहून जास्त छाती व्यापून होतं. सून घाबरली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाटेवर काढला की हृदय जरा जास्तच मोठं दिसतं. फुप्फुसांतलं पाणी मात्र खरं. जेवतात काय?"

"हलकंच. पेज नि खारा बांगडा."

मी कपाळावर हात मारला. मिठानेच अंगात पाणी साठत होतं. आमच्याकडेही आजाऱ्याला हेच देतात!

खारं बंद झालं, लघवी होण्याची औषधं सुरू झाली. आठवड्याने तांडेल चालत आला, प्लेटला छाती टेकवून उभा राहिला. "श्वास रोखा," मी म्हटलं. पडद्यावर हृदय मोठंच होतं, पण फुप्फुसं मोकळी. बघतच राहिले.

एक्स-रेच्या खोलीतून आवाज आला, "बाय, आता सोडू काय?"