भावोजींचा ट्रक आणि ताईची शांतता

आमचे भावोजी जन्मभर बस चालवून निवृत्त झाले आणि आता घरी बसून कॉम्प्युटरवर ट्रक चालवतात. आमच्याकडे वीज वरचेवर जाते. एकदा गेम सेव्ह होत असतानाच ती गेली आणि सेव्हची फाइल बिघडली. वर्षभराचा प्रवास पुसला गेल्यावर भावोजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग यूपीएस आला.

पुढच्या वेळी वीज जाताच यूपीएस पीं पीं करू लागला. ताईने स्वयंपाकघरातून येऊन सरळ त्याचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"अगं, काय केलंस हे!"

"किती ओरडत होता तो! कान किटले माझे."

मग भाचीने मनावर घेतलं. तिने यूपीएसचा आवाज बंद केला, त्याची यूएसबी वायर कॉम्प्युटरला जोडली आणि बॅटरी कमी झाली की कॉम्प्युटरने सगळं जसंच्या तसं साठवून हायबरनेट व्हावं, अशी सेटिंग केली.

"तरी बाबा, वीज गेली की आधी गेम सेव्ह करायचा हं," तिने बजावलं.

परवा वीज गेली तेव्हा भावोजी अंगणात गप्पा मारत होते. बॅटरी उतरली, कॉम्प्युटर निमूट झोपला. वीज आल्यावर त्यांनी धावत येऊन तो चालू केला. ट्रक त्याच वळणावर उभा होता.

"बघ, माझ्यासाठी थांबलाय!"

"शिका काहीतरी त्याच्याकडून," ताई म्हणाली. "मी धावत यायचे, तेव्हा तुमची बस कधी थांबली होती का?"