रिकाम्या कुंडीतली धार

परशुराम भोईर हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. ठाकुर्लीच्या या इमारतीत मी राहायला आले, तेव्हा सामान वर चढतंय तोवर हे समोरच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "सिस्टर ना तुम्ही? या. ही जागा आमची." मी म्हटलं, "पैसे मोजून घेतलीय मी." तर म्हणतात, "ती खोली तुमची हो. जागा आमची."

खोटं नव्हतं ते. इमारत उभी आहे तिथं त्यांची भातशेती होती आणि बापाचा जन्म खाडीकडच्या मिठागरावर गेला. बिल्डरनं जमीन घेतली, बदल्यात तीन फ्लॅट दिले आणि इमारतीला यांच्या बायकोचं नाव दिलं, गोदा हाइट्स. गोदाबाई मात्र आत राहायला आल्या आणि वर्षभरात गेल्या. मी त्यांना पाहिलं नाही. तीनपैकी दोन फ्लॅट भाड्यानं दिलेले. तिसऱ्यात, सातव्या मजल्यावर, हे एकटे. मुलगा मयूर ठाण्याला, घोडबंदर रोडला. महिन्यातून दोनदा यायचा, फळं ठेवून जायचा. ती फळं बहुतेक माझ्याकडे यायची.

मी एकतीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात नर्स होते. लग्न केलं नाही. सकाळी बुद्धवंदना, मग भाजी, मग टीव्ही, आणि संध्याकाळी काय करायचं हे निवृत्त होताना कुणी सांगितलं नव्हतं. एकटं राहायची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही. दारातल्या दारात भोईरदादांशी भांडायची सवय मात्र झाली.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. जिना चढला की कळ, थांबलं की कमी. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रोजच्या गोळ्या दिल्या आणि एक बारकी गोळी वेगळी दिली, दुखलं तर जिभेखाली ठेवायची. मयूरनं मला चिठ्ठी दाखवली, घराची एक किल्लीही दिली. म्हणाला, "सिस्टर, तुम्ही समोर आहात म्हणून मला झोप लागते." मी दादांना समोर बसवून सांगितलं, "ही गोळी नसा सैल करते. हृदयावरचा भार कमी होतो, पण प्रेशरही उतरतं. म्हणून बसून घ्यायची, उभ्यानं नाही. आणि दारूसुद्धा नसा सैल करते. दोन्ही एकदम झाली तर प्रेशर धाडकन खाली येतं. माणूस आडवा होतो, कधीकधी उठत नाही."

"सोडली मी दारू," ते म्हणाले. मयूर खूश झाला. जाताना म्हणाला, "पप्पा, एक ग्लास जरी दिसला ना, तर उचलून घोडबंदरला नेणार. मग बसा तिथं."

दारू काही सुटलेली नव्हती. ते मला कुंडीमुळे कळलं.

त्यांच्या बाल्कनीत एक मातीची कुंडी होती. तिच्यात रोप नाही, काही नाही, नुसती काळी माती. पहिला जेसीबी शेतात शिरला त्या सकाळी त्यांनी ती एका गोणीत भरून आणलेली. त्यांच्यात रीत आहे, पहिला घोट आपला नसतो. आधी मातीवर धार सोडायची, गेलेल्यांच्या नावानं, मग ग्लास तोंडाला. सातव्या मजल्यावर माती कुठून येणार? म्हणून ही कुंडी. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी मी त्यांना भाकरी द्यायला गेले, तेव्हा हे कुंडीवर वाकलेले. "ही बापसाला," एक धार. "ही गोदाला," दुसरी. मग वळून बघतात तर मी.

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गोळी जिभेखाली, दारू पोटात. दोघांची भेट व्हनार कुठं, सिस्टर?"

"रक्तात होते भेट," मी म्हटलं. "शहाणपणा शिकवू नका मला."

"मयूरला नका सांगू." तेव्हा त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तो मना घेऊन जाईल. तिथं माझं कोण हाय? हितं निदान खाली बघतू, तर बांध कुठं व्हता त्ये ठावं हाय."

मी नाही सांगितलं. कीव आली म्हणून नाही. ते गेले तर समोरचं दार बंद राहील, म्हणून. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईनं असं वागू नये, पण मी वागले.

मग तो रविवार. दुपारचे अडीच वाजले असतील. मयूरचा फोन आला. "सिस्टर, पप्पांशी बोलत होतो. छातीत दुखतंय बोलले, गोळी ठेवतो बोलले, आणि आता आवाजच नाही. बघता का? मी निघालोय." मी किल्ली, प्रेशरचं मशीन आणि स्टेथोस्कोप घेतला आणि धावले. लिफ्टमधून वॉचमन सहदेव बाहेर येत होता, त्यालाही सोबत दादांच्या घरात ओढलं.

घरभर मटणाच्या रश्श्याचा वास. भोईरदादा बाल्कनीतल्या खुर्चीत एका बाजूला कलंडलेले. चेहरा राखेसारखा, कपाळावर गार घाम, नाडी भराभर आणि इतकी बारीक की बोटाला लागेना. हाक मारली तर डोळे उघडले, परत मिटले. सहदेव त्यांना सरळ बसवायला लागला. "पडतील ओ मॅडम. धरून बसवू, लिंबूपाणी देऊ."

माझा फोन स्पीकरवर होता. मयूर त्यातून ओरडत होता, "सिस्टर, दुसरी गोळी द्या ना! डॉक्टर बोललेले, पाच मिनिटांत थांबलं नाही तर दुसरी."

गोळ्यांची पट्टी टेबलावरच होती. एक गोळी फोडलेली. मी प्रेशर घेतलं, वरचा आकडा सत्तर. इतकं एका गोळीनं उतरलं, की हा झटकाच आहे? मी वाकून विचारलं, "दादा, प्यायलात का?"

त्यांनी डोळे उघडले. फोनकडे बघितलं. "नाय," म्हणाले.

ग्लास धुऊन पालथा घातलेला. बाटली कुठं दिसत नव्हती. तोंडाला मटणाचाच वास. आणि पायाशी ती कुंडी. मी बोट मातीत खुपसलं. वरची माती ओली होती. बोट नाकाशी नेलं आणि जे कळायचं ते कळलं.

ते माझ्याकडेच बघत होते. बोलायची ताकद नव्हती, पण मान हलवली, इकडून तिकडे, जेमतेम. नको म्हणून.

मी मोठ्यानं म्हटलं, "मयूर, पप्पा दारू प्यायलेत. गोळी त्याच्यावर घेतलीय. दुसरी द्यायची नाही, अजिबात नाही." दादांनी डोळे मिटून घेतले.

सहदेवला म्हटलं, बसवू नको, खाली झोपव. आम्ही दोघांनी त्यांना लादीवर आडवं केलं आणि दोन्ही पाय उचलून खुर्चीवर ठेवले, म्हणजे पायातलं रक्त वर यायला लागतं. जिभेखाली गोळीचा एक कण शिल्लक होता, तो बोटाला फडकं गुंडाळून पुसून काढला. लिंबूपाणी नाही, पाणीसुद्धा नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या ते श्वासात जातं. सहदेवनं १०८ ला फोन लावला. मी मनगट धरून लादीवर बसले आणि त्यांना शिव्या देत राहिले. खरंच शिव्या. भीती वाटली की मला दुसरं काही सुचत नाही. हा माणूस मेला तर त्यात दोन महिन्यांचं माझं गप्प बसणं आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

गाडी येईपर्यंत आकडा पंचाऐंशीवर आला होता. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंना मी एका दमात सांगितलं, जिभेखालची गोळी एक, दारू दोन पेग तरी, तासाभराच्या आत. त्यांनी सलाइन लावलं, कार्डिओग्राम काढला, रक्त पाठवलं. झटका नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आडवं ठेवलंत आणि दुसरी गोळी दिली नाहीत, ते बरं केलंत." मला बरं वाटायला हवं होतं.

मयूर बापावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला म्हणाला, "तुम्हाला आधी माहीत होतं?" मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन गेला, कपड्यांच्या दोन बॅगा आणि गोदाबाईंचा फोटो. दादा माझ्याशी बोलले नाहीत. लिफ्टपर्यंत गेले, परत आले, बाल्कनीतली कुंडी उचलायला लागले. मयूर म्हणाला, "वजन उचलू नका." मग त्यानंच ती आणून माझ्या दारात ठेवली.

समोरच्या दाराला कुलूप आहे. मी कधीकधी उगाच माझं दार उघडून बघते आणि लावते.

आठ दिवसांनी, संध्याकाळी सात वाजता, फोन आला.

"सिस्टर, धार सोडली कं?"

"पंचशील घेतलेली बाई आहे मी, दादा. दारूला हात लावत नाही. पाणी सोडलं."

"गोदाला पन पानीच?"

"पाणीच."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी तो आवाज ऐकला. "चालल तिला. तिला दारू कवा आवडायची? वास आला तरी भांडी आपटायची. वराडून वराडून आळी गोला करायची."

मला राग आला. "मग इतकी वर्षं तिच्या नावानं ओतत काय होतात?"

पलीकडे कुणीतरी टीव्ही लावला होता, त्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "वाटायचं, एखाद दिस वराडल."

मी माझ्या परीनं सुरू झाले. गोळी खिशात आहे का, बसून घेता का, घोटभर तरी प्यायलात का, प्यायलात तर मी घोडबंदरला येऊन सगळ्या सोसायटीसमोर इज्जत काढीन, सत्तर आकडा होता तुमचा, सत्तर, लाज वाटते का. दम लागेपर्यंत बोलले. ते हूं की चूं न करता ऐकत होते.

मी थांबले तर म्हणाले, "अजून बोला ना, सिस्टर."