मॅडमचा तळहात आणि माझं पासबुक

मंजुषा मॅडम माणसाकडं बघत नाहीत, सहीकडं बघतात. चिकलठाण्याच्या शाखेत तीन नंबरच्या काउंटरला बसून अठरा वर्षं त्या एकच बोलतात, नाकातून, शेवट ओढत: "सही जुळत नाहीऽऽ. पुढचा." आप्पासाहेब नावाच्या म्हाताऱ्याला त्यांनी एकदा पाच वेळा सही करायला लावली. तो म्हणाला, "बाई, मीच हाये की." मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आहात हो. सही नाहीये."

माझं पहिलं खातं याच शाखेतलं. मी नऊ वर्षांची असताना माझ्या बापानं, रामकिसननं, काढलेलं. पालक म्हणून त्याचं नाव, मोबाईल नंबरही त्याचाच. आईला तो पट्ट्यानं मारायचा, बक्कलच्या बाजूनं. उन्हाळ्यात आम्ही दोघी पळून मामाकडं देवगाव रंगारीला गेलो. तिथल्या एटीएममधून मी शिष्यवृत्तीचे दोन हजार काढले. लगेच त्याच्या फोनवर मेसेज वाजला. मग त्यानं बँकेतून स्टेटमेंट काढलं. पालकाला ते मिळतंच. तारीख, रक्कम, शिल्लक, अन् रकमेशेजारी एटीएमचं गाव.

तिसऱ्या दिवशी तो दारात. कुऱ्हाडीच्या दांड्यानं आधी मामाच्या मोटारसायकलची टाकी फोडली, मग आईचं मनगट. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. मामानं विळा उचलला तेव्हा गेला.

आम्ही फुलंब्रीत खोली घेतली. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून आई मला मॅडमसमोर घेऊन गेली.

"वय?"

"पंधरा."

"दहा पूर्ण आहेत, म्हणजे खातं एकटीच्या नावावर निघेल. चालवायचं पण तूच. आपल्या बँकेत एटीएममधून दिवसाला पाच हजार, मोबाईलवरून दोन हजार. असेल तेवढंच निघेल, उधारी नाही. अठरा झाली की नवी सही द्यायला यायचं."

आईनं हळूच विचारलं, "अन् त्याला काय दिसंल?"

मॅडमनी प्लास्टरकडं बघितलं. सही सोडून काही बघताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. "नंबर तुमचा, मेसेज तुम्हाला. खात्यावर त्यांचं नाव नाही, त्यामुळं स्टेटमेंट मागितलं तरी मिळणार नाही. पासबुक मात्र कुणाच्या हाती लागू देऊ नका. त्यात गाव छापून येतं."

मी म्हटलं, "जुन्या खात्यातले सहाशे चाळीस इकडं वळवा की."

"वळवू नकोस. तिकडच्या स्टेटमेंटला तशी ओळ उठेल. असू देत तिथं."

मग फॉर्मवर नमुन्याच्या सात सह्या. सातवी आधीच्या सहीशी जुळली.

दोन महिन्यांनी मी पासबुक भरायला गेले. बाहेरचं छपाईचं मशीन बंद, म्हणून मॅडमनी पासबुक आत घेऊन छापलं. तोंडाला स्कार्फ गुंडाळून मी बाकावर बसले. ऊन-धुळीसाठी सगळ्याच पोरी तो बांधतात.

रामकिसन आला. शिष्यवृत्ती आता नव्या खात्यात येत होती, त्याला मेसेज येईना म्हणून पेटलेला. मॅडमनी जुन्या खात्याचं स्टेटमेंट दिलं. खाली एकच आकडा, सहाशे चाळीस.

"दुसरं खातं हाये का तिचं?"

"ज्या खात्यावर तुमचं नाव नाही, त्याबद्दल मी हो म्हणणार नाही अन् नाहीही म्हणणार नाही."

"बाप हाये मी तिचा."

"तुम्ही आहात हो."

तेवढ्यात त्याची नजर काचेखालच्या फटीतून आत गेली. उघडं पासबुक, वर माझं नाव. पानावर 'फुलंब्री' चार वेळा. त्यानं हात घालायच्या आत मॅडमनी त्यावर तळहात ठेवला.

त्यानं काउंटरवरचं लोखंडी पंचिंग मशीन उचलून काचेवर घातलं, आणि फुटक्या काचेतून त्या हातावर. एकदा. "काढ हात." दुसऱ्यांदा. बोटं वाकडी झाली. मॅडमनी डाव्या हातानं टेबलाखालचं बटण दाबलं अन् उजवा तसाच ठेवला. तिसऱ्यांदा मशीन उचललं तेव्हा मी बाकावरून उठून त्याच्या पाठीवर पडले आणि कानाला चावले, स्कार्फसकट. त्यानं मला झटकून काचांवर आपटलं. तेवढ्यात दारावरचे पहारेकरी कारभारीकाका आले आणि बंदुकीचा दस्ता त्याच्या गुडघ्यात बसला. रामकिसन बसला तो उठलाच नाही. पोलिसांनी उचलून नेला.

सायरन वाजत होता. माझ्या कोपरातून रक्त गळत होतं. "मॅडम, आता उचला हात."

त्या म्हणाल्या, "उचलता येत नाहीये गं."

मी त्यांचा हात धरून बाजूला केला. पान लाल झालेलं. 'फुलंब्री' वाचता येत नव्हतं.

दीड महिन्यानं त्या कामावर आल्या. उजव्या हाताची दोन बोटं अजून पट्टीत. रक्तानं माखलेलं पासबुक फाडून त्यांनी मला नवं दिलं आणि डाव्या हातानं खाली सही केली. कोंबडीचे पाय.

मी पासबुकात डोकावले. त्यांच्यासारखंच नाकातून म्हटलं, "सही जुळत नाहीऽऽ."

पाठीमागं रांगेतले आप्पासाहेब फिस्सकन हसले.

मॅडमनी वर बघितलंच नाही. "पुढचा," म्हणाल्या. पण पासबुक लगेच सोडलं नाही.