पाठमोऱ्या चौघी

माझी मुलगी शाळेच्या बोटीत 'कॉक्स' आहे हे मी नातेवाइकांना ऐटीत सांगायचे, पण त्याचा अर्थ मलाच धड ठाऊक नव्हता. वल्हं मारायचं नाही, नुसतं बसायचं, एवढं कळलं आणि मी निर्धास्त झाले. आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या शहरातली मी; पोहणं सोडा, धरणाच्या काठाला जायचंही मी टाळते.

शर्यतीच्या सकाळी सरांनी आम्हा पालकांना धरणाच्या काठावर गोळा करून सगळं समजावलं. चौघी वल्हं मारतात, त्यांची पाठ शेवटच्या रेषेकडं असते, म्हणून आपण कुठं चाललोय ते त्यांना दिसत नाही. कॉक्सच्या अगदी समोर बसते ती स्ट्रोक, तिच्या लयीवर बाकीच्या तिघी वल्हं मारतात. पुढं बघणारी एकटी कॉक्स. सुकाणू तिच्या हातात, हुकूमही तिचाच.

माझ्या शेजारी वैजापूरहून आलेली एक आई होती. तिची लेक त्या चौघींतली. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "म्हंजे चौघींचा जीव तुमच्या पोरीच्या हातात, व्हय?"

माझी पोर तेरा वर्षांची, घरून निघताना डबा विसरणारी.

सरांनी शेवटी बजावलं, "काठावरून पोरींची नावं घेऊन ओरडायचं नाही. बोटीत एकच आवाज पोचला पाहिजे, कॉक्सचा."

शर्यत सुटली. अर्ध्या वाटेत वारा आडवा झाला आणि वैजापूरवाल्या बाईंच्या लेकीचं वल्हं पाण्यात रुतलं. याला 'क्रॅब' म्हणतात, हे सरांनी नुकतंच सांगितलं होतं. बोटीचा वेग वल्ह्याचा दांडा उलटा पोरीच्या अंगावर ढकलतो. ती मागं आडवी झाली, बोट एका अंगाला कलली. पोरींचे पाय बोटीतल्या बुटांत अडकवलेले असतात. बोट उलटली तर टाच उचलताच पाय सहज सुटतात, हेही सरांनी दाखवलं होतं, पण त्या क्षणी मला ते पटेना.

बाई किंचाळत पाण्याकडं धावल्या. आणि मी? मीही माझ्या पोरीचं नाव घेऊन ओरडले, "मागं फिर!"

तिनं वळून बघितलं नाही. "इझी ऑर!" वल्ही थांबवायचा तिचा हुकूम आला. चौघी थांबल्या. वल्हं सुटलं, पोर उठून बसली, पुन्हा हुकूम झाला. सगळ्यांत शेवटी आल्या, पण पाचही जणी आल्या.

काठावर मी तिला छातीशी धरलं. "तुझं ओरडणं ऐकलं मी," ती म्हणाली. "लई रडू येत होतं गं. पण स्ट्रोकला समोर माझंच तोंड दिसतं. मी रडले असते तर तीबी घाबरली असती."

मी पदरानं घाईघाईनं डोळे पुसले. तिच्या समोर तर माझं तोंड होतं.