साइनच्या फरकावरचं पत्रक

वडील पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या वाशीच्या दोन खोल्यांत पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. मी वाचायला शिकले तेही पत्रकांवरच. त्यामुळे समोरचं वाक्य एक तर खरं असतं, नाहीतर फसवणूक, असा माझा पक्का समज होता.

एस.वाय. बीएस्सीला गणित घेतलेल्या मुली दोघीच. मी आणि एसटीने येणारी जासई गावची एक. आमचा बाक शेवटचा, डबा एक. फर्स्ट क्लास मिळाला तर पुढचं वर्ष, नाहीतर लग्न, असं तिच्या घरी ठरलं होतं. हे ती हसत सांगायची.

मॅडमच्या झेरॉक्स नोट्समध्ये एक रिझल्ट होता: दोन वेगळ्या संख्या घेतल्या, की त्यांच्या साइनमधला फरक त्या संख्यांमधल्या फरकाहून लहानच असतो. सिद्धता चार ओळींची. मीन व्हॅल्यू थिअरमनुसार त्या दोन संख्यांच्या मध्ये असा एक बिंदू सी सापडतो, की साइनमधला फरक म्हणजे कोसाइन सी गुणिले संख्यांमधला फरक. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन, आणि ते एकच्या वर किंवा उणे एकच्या खाली जात नाही. म्हणजे फरक वाढत नाही. इथपर्यंत ठीक. पुढे लिहिलं होतं, ‘सी आतला बिंदू आहे, म्हणून कोसाइन एकपेक्षा लहानच.’

मी उभी राहिले. “मॅडम, संख्या उणे एक आणि एक घेतल्या तर शून्य आतच आहे. शून्याचा कोसाइन एक.”

“पुढच्या तासाला बघू,” मॅडम म्हणाल्या. पुढच्या तासाला पोर्शन संपवायचा होता. त्याच्या पुढच्याही.

मग मी घरचाच मार्ग धरला. कार्बन घालून पत्रक लिहिलं: ‘खोटा सिद्धांत घोकू नका!’ खाली ठोकून दिलं, की शून्य मध्ये आलं तर दोन्ही फरक सारखे होतात, रिझल्टच खोटा आहे. एक प्रत नोटीस बोर्डावर लावली.

“आली लीडर!” मागून मुलं ओरडली. “कोसाइन झिंदाबाद!”

मैत्रिणीने पत्रक दोनदा वाचलं. “खरं हाय ना गं ह्ये?”

“शंभर टक्के.”

टेस्टमध्ये नेमका तोच प्रश्न आला: सिद्ध करा. मी लिहिलं, विधान असत्य आहे. तिनेही तेच लिहिलं. दोघींनाही शून्य.

मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. “माझी पायरी चुकली, हे तू बरोबर पकडलंस. पण रिझल्ट खोटा म्हणतेस, तर दोन संख्या दे. जिथे फरक सारखे येतात अशा.”

माझ्याकडे नव्हत्या. मी शोधल्याच नव्हत्या.

बाहेर पॅसेजमध्ये मैत्रीण म्हणाली, “तू बोललीस शंभर टक्के.”

“अगं, मला वाटलं...”

“तुजं काय जातंय? तुज्या घरी पत्रक बघतात. माज्या घरी मार्क बघतात.”

ती स्टॉपकडे निघाली. मी मागे गेले तर तिने चालीचा वेग वाढवला.

रविवारभर मी कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून संख्या शोधत बसले. उणे एक दशांश आणि एक दशांश. साइनमधला फरक दोन दशांश हवा होता, आला ०.१९९६६६८. आणखी जवळ गेले, तरी किंचित कमीच. संध्याकाळपर्यंत मला हवी असलेली जोडी सापडली नाही. घरात कोणाला सांगणार? वडील म्हणाले असते, माघार घेऊ नकोस.

मग कागदावर शून्यापाशी रेघ मारली. उणे एक ते शून्य हा एक तुकडा, शून्य ते एक हा दुसरा. आता शून्य दोन्ही तुकड्यांच्या टोकाला होतं, आत कुठेच नव्हतं. म्हणजे दोन्हीकडे आतला कोसाइन खरोखरच एकपेक्षा लहान. दोन्ही तुकड्यांत साइनमधला फरक लहान, तर बेरजेतही लहान. मोठ्या अंतरात πच्या प्रत्येक पटीशी, जिथे कोसाइन एक किंवा उणे एक होतो, तसाच तुकडा पाडायचा. रिझल्ट खरा होता.

सोमवारी बोर्डावर दुसरं पत्रक लावलं. ‘माझं पत्रक चुकीचं होतं. रिझल्ट खरा आहे. सिद्धता खाली.’ उद्गारचिन्ह घातलं नाही. मग मॅडमकडे गेले आणि म्हटलं, तिने माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं, तिचे मार्क परत द्या.

“तिने फळ्यावर करून दाखवलं तर देईन,” त्या म्हणाल्या. “तू मात्र शून्यावरच राहशील. चालेल?”

“चालेल.”

तिने बोर्डावरून सिद्धता उतरवून घेतली, मला एक शब्द न विचारता. गुरुवारी फळ्यावर केली. शून्यापाशी खडूची रेघ मारताना तिचा हात थांबला. मी शेवटच्या बाकावर बोटं घट्ट धरून बसले. मग तिने स्वतःच लिहिलं, ‘दोन्ही तुकड्यांची बेरीज’.

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या, आणि वहीत मार्क चढवले.

ती खडूचे हात झटकत परत आली आणि पहिल्या बाकावर बसली. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला. सवयीने आईकडून दोघींपुरत्या चपात्या घेतल्या होत्या.