एकच भाव आणि दोन रुपये पासष्ट पैसे

माझ्या स्वभावाबद्दल चिखलीत दोन मतं नाहीत. कुणाचं लग्न मोडलं तरी मी एखादवेळ शांत राहीन, पण शेकडेवारी चुकली की माझं डोकं फिरतं. वीस वर्षं स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना अंकगणित शिकवलं. त्यात कितीजण नोकरीला लागले ते देव जाणे, पण खरेदी-विक्रीच्या उदाहरणात मला फसवेल असा एकही निघाला नाही, असा माझा समज होता. तो कसा उतरला, ते सांगते.

माझा भाचा पुण्याची नोकरी सोडून घरी आला आणि त्याने माझ्या शिकवणीचं ॲप केलं. धडे, सराव चाचण्या, दर रविवारी एक मोठी चाचणी. वर्षाची वर्गणी सहाशे रुपये. वेबसाइटवर मोबाइल नंबर टाकायचा, यूपीआयने पैसे भरायचे, मग त्याच नंबराने ॲप उघडायचं, सगळे धडे खुले. नाही तर थेट ॲपमध्येच बटण दाबायचं आणि ॲप स्टोअरमार्फत पैसे भरायचे. माल तोच, धडे तेच, रविवारी माझा आवाजही तोच चिडलेला.

फरक एवढाच की ॲपमधून घेतलं तर स्टोअर आपलं कमिशन कापतं. आमच्यासारख्या छोट्या लोकांकडून शंभरात पंधरा. भाच्याने पहिल्या दिवशी सहाशेवर पंधरा टक्के चढवले आणि सहाशे नव्वद किंमत लावली. मी त्याचा कान धरायचाच बाकी ठेवला. म्हटलं, अरे, स्टोअर सहाशेवर नाही कापत, सहाशे नव्वदवर कापतं. हातात पाचशे साडेशहाऐंशीच येतात. चढताना पंधरा आणि उतरताना पंधरा सारखे नसतात, हे सातवीच्या पुस्तकात असतं. कराचा गुंता बाजूला ठेवून सहाशेला शून्य पूर्णांक पंच्याऐंशीने भागलं, सातशे सहाच्या आसपास आकडा आला. तो म्हणाला, मावशी, नऊवर संपलेली किंमत बरी दिसते. मी म्हटलं, लाव सातशे नऊ. त्या वेळी मला माझ्या भागाकाराचा इतका अभिमान होता की पुढच्या तीन रुपयांकडे मी बघितलंच नाही.

महिन्याभराने दुसरबीडहून एक कापडदुकानदार आमच्या क्लासवर आले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. त्यांची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते, आमच्या ॲपवरच. तिचं बघून गावातल्या आणखी सात मुलींना चाचांनीच हे ॲप सुचवलं होतं. नुसतं सुचवलं नाही, पाचजणींचं तर त्यांच्या दुकानात, गल्ल्याजवळ बसून, दुकानातल्याच वायफायवर घेऊन दिलं. त्या पाचही मुलींनी समोर दिसलं ते बटण दाबलं, सातशे नऊ भरले. उरलेल्या दोघींना ऑनलाइन केंद्रवाल्याने वेबसाइटवर सहाशेत मिळवून दिलं. मग गावात दोन अधिक दोन पाच व्हायला वेळ लागला नाही. दुकानात बसून घेतलेलं शंभराने महाग, म्हणजे शंभर कुठे गेले? चाचांच्या गल्ल्यात.

चाचांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मॅडम, माह्या दुकानात पाटी हाय, एकच भाव. माह्या अब्बानं लावलेली. कोणी घासाघीस करत नव्हतं. अन् आता बाया मलेच विचारून राह्यल्या, चाचा, तुमच्या ॲपले दोन भाव, मंग कपड्याले एकच काऊन?"

म्हणजे बायकांनी घासाघीस सुरू केली होती. वडिलांपासून चालत आलेली पाटी, आणि तिच्याखाली उभं राहून बायका परकराच्या कापडाचे वीस रुपये कमी करायला सांगत होत्या. मला आधी हसू आलं. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गिळलं. माणूस रागावला नव्हता, त्याला लाज वाटत होती, आणि ती माझ्यामुळे वाटत होती.

मी समजवायला बसले. कमिशन सांगितलं. वेबसाइटवर पैसे घेताना आमच्या पदरचं फारसं काही जात नाही, स्टोअरमध्ये शंभरातले पंधरा जातात, म्हणून तिथली किंमत वाढवावी लागते. बांधावर घेतलेली मेथी स्वस्त आणि बाजारातली महाग, तसंच समजा. स्टोअर फुकट खातं असं नाही, ते ॲप लोकांच्या फोनवर पोचवतं, पैसे वसूल करतं, दर वर्षी आपोआप नूतनीकरण करतं. त्यांनी विचारलं, मग ॲपमध्येच का नाही लिहीत की तिकडे सहाशेत मिळते? हा प्रश्न दुखरा होता. आम्ही ज्या स्टोअरमध्ये होतो, त्यांच्या नियमात ते बसत नव्हतं. ॲपच्या आत बाहेरचा स्वस्त रस्ता दाखवायचा नाही. भाच्याने सुरुवातीला तशी एक ओळ टाकली होती, तर ॲपची नवी आवृत्तीच त्यांनी परत पाठवली होती. ॲपच्या बाहेर आम्ही हवं ते सांगू शकत होतो, पण सांगितलं नव्हतं, ही चूक आमचीच.

मुलींचे पैसे परत द्या, असं ते म्हणाले असते तर तेही माझ्या हातात नव्हतं. स्टोअरमधून घेतलेलं परत मागायचं तर स्टोअरकडेच मागावं लागतं. मी एवढंच सांगितलं की मुलींनी स्टोअरच्या खात्यात जाऊन आपोआप होणारं नूतनीकरण बंद करावं, वर्ष संपेपर्यंत ॲप चालेलच, पुढच्या वर्षी वेबसाइटवरून घ्यावं. नुसतं ॲप काढून टाकलं तर वर्गणी थांबत नाही, हेही दोनदा सांगितलं, कारण सगळे तिथेच फसतात.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठता उठता म्हणाले, "पट्टी तं मीबी भरतो मॅडम. आठवडी बाजारात बसलो का पट्टी द्याच लागते. पण बाजारात अन् दुकानात माल एकाच भावानं देतो."

बाजाराची पट्टी दिवसाची असते, शंभरात पंधरा नसते, हे उत्तर माझ्याजवळ होतं. पण ते गेल्यावर सुचलं. माझी चांगली उत्तरं नेहमी माणूस बस स्टँडवर पोचल्यावर येतात.

मी चिडले की प्रश्नपत्रिका काढते. त्या रविवारच्या चाचणीत अकरावा प्रश्न मी असा टाकला: एका अभ्यासक्रमाची वर्गणी वेबसाइटवर ६०० रुपये आहे. ॲप स्टोअर विक्री किमतीच्या १५ टक्के कमिशन घेते. विक्रेत्याच्या हातात किमान ६०० रुपये यावेत, तर ॲपमधली किंमत पूर्ण रुपयात कमीत कमी किती ठेवावी? पर्याय ६९०, ७००, ७०६ आणि ७१५.

दहा वाजता भाचा धावत आला. त्याने चाचणी उघडून बघितली होती आणि त्याचा चेहरा उतरला होता. मावशी, ही ॲपच्या आत केलेली जाहिरात आहे, ॲप काढून टाकतील आपलं. मी म्हटलं, हे अंकगणित आहे. तो म्हणाला, वेबसाइटवर सहाशे, असं स्पष्ट लिहिलंय. मी म्हटलं, एका अभ्यासक्रमाची, कोणत्या ते कुठे लिहिलंय? त्याने माझ्याकडे असं बघितलं की उत्तर चुकलेल्या पोराकडे मीही कधी तसं बघितलं नसेल. अकरापर्यंत प्रश्न काढून टाकला. तेवढ्यात सत्तरेक जणांनी तो सोडवला होता, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी ६९० वर खूण केली होती. वीस वर्षांच्या शिकवणीचं ते फळ बघून मी चहा तसाच ठेवला.

पुढच्या आठवड्यात चाचा परत आले. या वेळी मुलगीही बरोबर होती. हातात वही. तिने अकरावा प्रश्न निघून जायच्या आधीच उतरवून घेतला होता. मी म्हटलं, दाखव. भागाकार स्वच्छ, उत्तर सातशे सहा, शेवटी ताळाही केलेला. मला इतका आनंद झाला की मी तिच्या वडिलांना खुर्ची द्यायचं विसरले. म्हणाले, बघा चाचा, तुमच्या मुलीनेच सिद्ध केलं.

मुलगी वहीकडे बघतच म्हणाली, "मॅडम, उत्तर सातशे सहा येते. मंग आमच्याकून सातशे नऊ काऊन घेतले?"

खोलीत भाचा होता. त्याने अचानक संगणकात काहीतरी महत्त्वाचं शोधायला सुरुवात केली.

तिने पान उलटलं. सातशे नऊचे पंधरा टक्के, एकशे सहा रुपये पस्तीस पैसे. उरतात सहाशे दोन रुपये पासष्ट पैसे. त्यातून सहाशे वजा. तिने खाली रेघ मारून २.६५ लिहिलं होतं आणि त्याभोवती गोल केला होता, लाल शाईने, अगदी मी करते तसा.

नऊवर संपलेली किंमत बरी दिसते, हे वाक्य मी तिला सांगू शकले असते. त्याऐवजी मी तिचा आकडा पुन्हा तपासला. गावभर लोक शंभर रुपयांचा खाणारा शोधत होते, आणि जवळजवळ पावणेतीन रुपयांचा खाणारा माझ्या खुर्चीत बसला होता. मी भाच्याला म्हटलं, किंमत सातशे सहा कर, आत्ता. मग चाचांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू?

त्यांनी परतावा मागितला नाही. ते म्हणाले, "हे जे पोरीनं लिहिलं, ते तुमच्या हातानं लिहून द्या. सहीसकट."

मी लिहून दिलं. दुसरबीडच्या मुलींनी ॲप स्टोअरवर प्रत्येकी १०९ रुपये जास्त भरले. त्यातले १०६ रुपये ३५ पैसे स्टोअरचं कमिशन. २ रुपये ६५ पैसे आमच्याकडे आले. चाचांकडे एक पैसाही गेला नाही. वेबसाइटवर वर्गणी ६०० रुपये. खाली सही, तारीख. ॲपच्या बाहेर, साध्या कागदावर, त्यामुळे भाच्याचीही हरकत नव्हती.

दिवाळीनंतर मी सिंदखेडराजाकडे एका लग्नाला निघाले होते, वाटेत चाचांच्या दुकानात उतरले. पाटी जागेवर होती. तिच्या खाली माझा कागद, प्लास्टिकचं कव्हर घालून, चारही कोपऱ्यांना खिळे मारलेले. गल्ल्यावर एक बाई लुगडं हातात धरून उभी होती, आणि चाचांनी कागदाकडे बोट केलं. तिने सावकाश वाचलं, मग माझ्याकडे वळून त्यांना विचारलं, "पावणेतीन रुपयेवाल्या मॅडम ह्याच का?"

"हाव," चाचा म्हणाले, "ह्याच."

बाईने लुगड्याचे पैसे पूर्ण दिले. मी एक ब्लाउजपीस घेतला. महाग वाटला, पण मीही सांगितला तोच भाव दिला.